वर्गाचा ग्रुप मिटवण्याआधी

कोल्हापुरातल्या शाळांचे मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि पालक-शिक्षक संघाच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता, तेव्हा माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाच्या आईचा मला फोन आला. फी-सवलतीसाठी लागणाऱ्या कागदांची यादी आणि अर्जाचा नमुना शाळेने जानेवारीत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. तो त्यांना आता हवा होता. त्यांच्या फोनमध्ये सूचना दिसत होती, खाली पीडीएफचं चिन्हही होतं. पण त्यावर बोट ठेवलं की फाईल आता उपलब्ध नाही, पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा, असं येत होतं. पाठवणाऱ्या म्हणजे वर्गशिक्षिका. त्यांची मे महिन्यात बदली झाली होती, आणि फोन बदलताना संपलेल्या वर्गांचे ग्रुप त्यांनी काढून टाकले होते. त्यात त्यांची काही चूक नव्हती, ग्रुप ठेवा असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ५२ पालकांपैकी जानेवारीतच ती फाईल उघडून पाहिलेला एक जण शोधायला आम्हाला चार दिवस लागले.

मी एका पतसंस्थेत रेकॉर्ड सांभाळते. कागद कुठे आहे हे सांगता आलं नाही तर तो कागद नसल्यातच जमा, हे मी रोज पाहते. म्हणून त्या चार दिवसांनंतर नव्या वर्षाच्या ग्रुपचं नीट दप्तर लावायचं काम मी मागून घेतलं. ते करताना जे कळलं ते आपल्यापर्यंत पोहोचवावं म्हणून हे पत्र. निकाल लागायला अजून थोडे दिवस आहेत, तेवढ्यात हे होण्यासारखं आहे.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण मीही त्यातच होते. व्हॉट्सॲपमध्ये `Archive` नावाचं बटण आहे. ते दाबलं की ग्रुप यादीतून बाजूला, वरच्या एका कप्प्यात जातो. एवढंच. त्याने एकही फाईल कुठे साठवली जात नाही. फोन हरवला, तर कप्प्यातला ग्रुपही फोनबरोबरच जातो. बॅकअपचंही तसंच. तो एका माणसाच्या नंबरला बांधलेला असतो, त्याच नंबरच्या फोनवर पुन्हा उतरवता येतो आणि गुगल ड्राइव्हवर जाऊन कोणाला उघडून वाचता येत नाही. शाळेच्या कपाटात ठेवण्याजोगी ती वस्तू नव्हे.

फाईल हरवते कशी, हेही समजून घ्यावं लागेल. आपण ग्रुपवर पीडीएफ टाकतो तेव्हा ती व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर कायमची राहत नाही, थोडा काळच असते. ज्याच्या फोनने त्या काळात ती उतरवून घेतली त्याच्याकडे ती उरते. आता बहुतेक पालकांनी जागा वाचवायला आपोआप उतरवणं बंद केलेलं असतं, आणि मुळातली सोयही अशी आहे की मोबाईल डेटावर फक्त फोटो आपोआप उतरतात, कागदपत्रं उतरत नाहीत. त्यामुळे सूचनेचा मजकूर ५२ फोनमध्ये राहतो आणि तिला जोडलेली फाईल त्यांतल्या पाच-सात फोनमध्येच. जानेवारीत कोणाला ते जाणवत नाही. जूनमध्ये उघडायला गेलं की कळतं.

शाळेची जुनी सूचना वही आठवा. शिपाईमामा ती वर्गावर आणायचे, बाई वाचून सही करायच्या आणि वही कार्यालयात परत जायची. दहा वर्षांनीही ती काढून दाखवता येते. कार्यालयात आवक-जावक रजिस्टर आजही आहे आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक पडतो. ग्रुपवर टाकलेली सूचना मात्र या दोन्हींतून निसटली. ती शाळेचीच सूचना आहे, कित्येकदा लेटरहेडवर सही-शिक्क्यासह फोटो काढून टाकलेली, पण तिची नोंद शाळेकडे नाही. वर्षअखेरीला आपल्याला करायचंय ते हेच, की ग्रुपवरच्या सूचना पुन्हा सूचना वहीत आणायच्या.

आम्ही ते कसं केलं ते सांगते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी ॲडमिननी ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनच संदेश टाकू शकतील असं केलं आणि एक शेवटचा संदेश टाकला: ग्रुप ३० जूनपर्यंत राहील, तोवर कोणी तो काढू नये. 'काढू नये' हे मुद्दाम लिहायला लावलं. ग्रुपमधून नुसतं बाहेर पडलं तर जुने संदेश आपल्या फोनमध्ये राहतात. पण ग्रुप डिलीट करताना फोन गॅलरीतले फोटोही पुसायचे का असं विचारतो, आणि घाईत त्यावर खूण राहिली की सगळं जातं.

मग माझ्या फोनवरून `Export chat` केलं. ॲन्ड्रॉइडवर ग्रुप उघडून वरच्या तीन ठिपक्यांत `More` मध्ये ते आहे, आयफोनवर ग्रुपच्या माहितीत खाली. तिथे फाईलसह की फाईलशिवाय असं विचारतात. फाईलसह घ्यायचं आणि ईमेलवर न पाठवता थेट ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवायचं, कारण जीमेलमधून २५ एमबीपेक्षा मोठं जोडपत्र जात नाही आणि वर्षाचे फोटो त्याच्या कितीतरी पट असतात. हाती एक मजकुराची फाईल येते, तीत सगळे संदेश तारखेनुसार, आणि बरोबर फोटो-पीडीएफ. ॲन्ड्रॉइडवर, फोन इंग्रजीत असेल तर, मजकुरातल्या ओळी अशा दिसतात:

```
18/11/24, 7:05 am - Vargshikshika: IMG-20241118-WA0003.jpg (file attached)
18/11/24, 7:06 am - Vargshikshika: <Media omitted>
```

या दोन ओळींत सगळं कळतं. पहिलीतला फोटो आपल्याला मिळाला. दुसरीत काहीतरी होतं, पण ते आलेलं नाही. म्हणून निर्यात झाली की लगेच ती मजकुराची फाईल उघडून `omitted` हा शब्द शोधा आणि किती वेळा आला ते मोजा. माझ्या पहिल्या निर्यातीत ३७ फाईली अशा गळाल्या होत्या. बहुतेक जून ते सप्टेंबरमधल्या. कारण शोधलं तर ते माझंच होतं: सप्टेंबरपर्यंत माझ्या फोनवर कागदपत्रं आपोआप उतरत नव्हती. दुसऱ्या एका पालकांच्या फोनवर पहिल्या दिवसापासून सगळं उतरत होतं. त्यांच्याकडून निर्यात घेतल्यावर ३७ मधल्या ३३ मिळाल्या. चार गेल्या त्या गेल्या.

यावरून दोन विनंत्या, आणि त्या पुढच्या जूनसाठी आहेत. ग्रुप सुरू होतानाच एक सांभाळणारा फोन ठरवा. शाळेच्या कार्यालयाचा असेल तर उत्तम. तो पहिल्या दिवसापासून ग्रुपमध्ये हवा, कारण नंतर आलेल्याच्या फोनवर आधीचे संदेश आपोआप येत नाहीत. त्या फोनच्या `Storage and data` मध्ये कागदपत्रं आपोआप उतरण्याची सोय चालू ठेवा. दुसरं, निर्यात वर्षातून दोनदा करा, एकदा दिवाळीच्या सुट्टीत आणि एकदा निकालानंतर. फाईलसह निर्यातीत शेवटचे १०,००० संदेशच येतात. आमच्या ग्रुपवर वर्षाचे ३,४०० झाले होते, म्हणून अडलं नाही. पण जिथे रोज शुभ सकाळ चालतं तिथे जूनच्या सूचना या मर्यादेपलीकडे जाऊ शकतात. शिवाय दिवाळीत गळालेली फाईल लक्षात आली तर बाई अजून त्याच वर्गावर असतात, पुन्हा मागता येते.

जूनमध्येच आणखी एक पाहून घ्या. ग्रुपवर `Disappearing messages` चालू असेल तर संदेश २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत आपोआप पुसले जातात. मग वर्षअखेरीला हाती फार तर शेवटचे तीन महिने लागतात. आणि `Advanced chat privacy` चालू असेल तर निर्यातच होत नाही. दोन्ही सोयी आपापल्या जागी चांगल्या आहेत, वर्गाच्या सूचनांच्या ग्रुपवर मात्र त्या नकोत.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो भाग. निर्यात केलेली झिप म्हणजे दप्तर नव्हे, तो नुसता ढीग आहे. तो तसाच कोणाला द्यायचा नाही. त्यात पालकांचे नंबर आहेत, एका घरातल्या आजारपणाची चौकशी आहे, कोणाच्या वडिलांच्या निधनाची बातमी आहे. शाळेने आधार मागितलं तेव्हा काहींनी मुलांच्या आधार कार्डाचे फोटो थेट ग्रुपवरच टाकले होते, तेही आहेत. एका चाचणीचे सगळ्या वर्गाचे गुण नावांसह आहेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. आमच्या वर्गातल्या मुलांनी त्या ग्रुपवर एक शब्दही लिहिलेला नव्हता, तरी त्यांचीच माहिती सर्वांत जास्त होती.

म्हणून आम्ही तिघं पालक आणि नव्या वर्गशिक्षिका दोन रविवार बसलो आणि एकच प्रश्न विचारत ढीग उपसला: हे शाळेने सांगितलेलं आहे का? हो असेल तर ठेवायचं, पालकांचं आपसातलं बोलणं असेल तर नाही. गुणांची यादी शाळेने टाकलेली असली तरी ठेवली नाही, कारण निकालपत्रक प्रत्येकाला वेगळं मिळालेलं आहे. आधारचे फोटो त्याच दिवशी पुसले आणि ज्यांनी टाकले होते त्यांना फोन करून त्यांच्या बाजूनेही काढायला सांगितलं. आता मात्र एवढ्या जुन्या संदेशाला 'सर्वांसाठी डिलीट' लागू होत नाही, ती मुदत साधारण अडीच दिवसांची असते. इतरांच्या फोनमध्ये ते फोटो आजही असतील. यापुढे अशी कागदपत्रं ग्रुपवर मागूच नयेत, कार्यालयात द्यायला सांगावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

उरलेल्या ९६ गोष्टी आम्ही ठेवल्या. त्यांची नावं बदलली, कारण `IMG-20241118-WA0003.jpg` वरून आत फी-सवलत आहे की सहलीचं संमतिपत्र, हे कोणालाच कळणार नाही. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग विषय:

```
2024-11-18_suchana_sahal-sammatipatra.jpg
```

वर्ष आधी घातलं की फाईली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. मोडी कागदांचे रुमाल बांधताना वर चिठ्ठी लावायचे तशीच ही चिठ्ठी. त्यावर एक साधी यादी केली. तक्त्यात तारीख, विषय, फाईलचं नाव आणि पुढे कधी लागेल, असे चार रकाने. शेवटचा रकाना माझा हट्ट होता आणि तोच सर्वांत उपयोगी पडला. फी-सवलतीपुढे 'दर जानेवारी' लिहिलं, शिष्यवृत्तीच्या सराव संचांपुढे 'पुढच्या वर्गाला', गणवेशाच्या मापांपुढे काहीच नाही. सूचना फोटोच्या रूपात असेल तर तिच्यातले शब्द शोधून सापडतीलच असं नाही, म्हणून विषयाच्या रकान्यात मुख्य शब्द टाईप केले.

सुट्टीच्या सूचना ठेवायच्या का, यावर आमचा वाद झाला. संपलेल्या सुट्टीचा कागद कशाला, असं एका पालकांचं म्हणणं. मी ठेवायलाच लावल्या, त्याचं कारण सांगते. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी होते आणि ४३ ला धोका पातळी. आमच्या वर्गात प्रयाग चिखली आणि आंबेवाडीची मुलं आहेत, म्हणजे शहरात पाणी दिसायच्या आधी ज्यांचा रस्ता बंद होतो ती. त्या वर्षीच्या पावसाळ्यात दोन दिवसांत तीन सूचना आल्या. पहिली, त्या बाजूच्या मुलांना दुपारी लवकर सोडणार. दुसरी, सगळ्यांनाच उद्या सुट्टी. तिसरी, बुडालेल्या दिवसांचे तास कोणत्या शनिवारी घेणार. पहिली सूचना बाईंनी दुसरी टाकताना गोंधळ नको म्हणून सर्वांसाठी डिलीट केली. वर्षअखेरीच्या निर्यातीत तिच्या जागी संदेश डिलीट झाल्याची एक ओळ तेवढी उरली. मग हजेरीचा प्रश्न आला तेव्हा चिखलीची चार मुलं अर्धा दिवस का नव्हती, याला कागदच नव्हता. शेवटी ते एका पालकांनी घेतलेल्या स्क्रीनशॉटवर भागलं.

तेव्हा वर्गशिक्षकांना सांगणं असं, की चुकलेली किंवा बदललेली सूचना पुसू नका. तिलाच उत्तर देऊन खाली लिहा: ही रद्द, नवी सूचना अशी. आम्ही दप्तरात दोन्ही ठेवतो आणि जुन्या फाईलच्या नावापुढे `radd` लिहितो. या जूनमध्ये नदी चढली की नव्या पालकांना ती तीन पत्रं दाखवता येतील. आपली शाळा केव्हा काय करते हे त्यांना विचारत बसावं लागणार नाही.

हे सगळं ठेवायचं कुठे? माझ्या ड्राइव्हवर नको, बाईंच्याही नको. माणसं बदलतात, नंबर बदलतात. शाळेच्या कार्यालयाचं जे ईमेल खातं रोज उघडलं जातं त्याच्या ड्राइव्हवर फोल्डर करा. फक्त या कामापुरतं नवं खातं काढून बाजूला ठेवू नका. वैयक्तिक गुगल खातं दोन वर्षं कोणी वापरलंच नाही तर ते आतल्या फाईलींसकट काढून टाकण्याचं धोरण गुगलने २०२३ पासून लावलंय. जागेची चिंता नको: फुकटच्या खात्यात १५ जीबी मिळतात आणि आमच्या वर्गाचं वर्षभराचं निवडलेलं दप्तर २१० एमबी भरलं. सूचनांच्या फोल्डरची लिंक पालकांना फक्त बघण्यापुरती द्यावी. स्नेहसंमेलनाचे, मुलांचे चेहरे असलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत, आणि ते लिंक मिळेल त्याला न उघडता ठरावीक पालकांच्या ईमेललाच उघडावेत. सूचनांच्या फोल्डरची लिंक ग्रुपच्या वर्णनात घाला. वरती पिन केलेला संदेश जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो, वर्णन राहतं.

एक छापील प्रतही हवी असं माझं मत आहे. सगळी नाही, फक्त ती यादी. तीन पानं झाली. ती सूचना वहीला चिकटवली आणि खाली वर्गशिक्षिकांची सही घेतली. लिंक हरवली तरी त्या वर्षी शाळेने काय काय सांगितलं होतं, हे तरी कपाटात आहे. मूळ झिप, म्हणजे तो ढीग, दोघांनी मिळून तपासल्यावर ३० जूनला पुसला. ती ठेवावी असं काहींना वाटतं, कधी लागली तर म्हणून. मला ते पटत नाही. दुसऱ्यांच्या घरच्या गोष्टी आपण सांभाळण्यासाठी गोळा केलेल्या नव्हत्या.

आम्हाला दोन रविवार लागले ते पहिलं वर्ष होतं म्हणून. दिवाळीत अर्धं उरकलं तर मे महिन्यात एक सकाळ पुरेल. मुख्याध्यापकांना माझं एवढंच मागणं आहे, की निकालाच्या दिवशीच्या सूचनेत एक ओळ घाला: ग्रुप ३० जूनपर्यंत ठेवावा, कोणी काढू नये. आणि प्रत्येक वर्गासाठी एक शिक्षक आणि दोन पालक नेमा. पालक-शिक्षक संघाच्या येत्या बैठकीत कोणाला आमच्या यादीचा तक्ता बघायचा असेल तर मी छापून घेऊन येईन. नावं आणि नंबर काढलेला कोरा नमुनाही बरोबर असेल, तोच भरायला घेता येईल.

आपली,
आठवीत गेलेल्या एका मुलीची आई
शिवाजी पेठ, कोल्हापूर